क्लास सोडल्यावर फी परत मागताना : धोरणातील कलम, भरण्याच्या तारखा आणि अर्जाची मांडणी

कोचिंग क्लासमधून मधेच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याची फी परत मिळते की नाही, हे बहुतेक वेळा एका साध्या गोष्टीवर ठरते. पालकाने कोणत्या तारखेला काय भरले, कोणत्या तारखेला प्रवेश रद्द केल्याचे लेखी कळवले आणि त्या दोन तारखांमधील अंतर संस्थेच्याच धोरणातील कोणत्या टप्प्यात बसते, एवढे कागदावर सिद्ध करता आले पाहिजे. अनेक पालक अर्जात घरची अडचण, मुलाची तब्येत आणि क्लासबद्दलची नाराजी विस्ताराने लिहितात, पण तारखा मात्र एका ओळीत उरकतात. अशा अर्जाला ‘आमच्या नियमांत बसत नाही’ एवढे उत्तर देणे संस्थेला सोपे जाते. म्हणून या लेखात अर्जाची मांडणी तारखांपासून सुरू केली आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. सातारा जिल्ह्यातील एका पालकाने मुलीला पुण्यातील एका क्लासच्या नीट परीक्षेच्या वार्षिक बॅचमध्ये घातले. बॅच १ जुलै २०२५ ते २६ एप्रिल २०२६ अशी म्हणजे ३०० दिवसांची आहे. एकूण फी १ लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून १,१८,००० रुपये झाले. ते तीन वेळा भरले गेले. ५ जूनला यूपीआयने ११,८०० रुपये नोंदणी शुल्क म्हणून, २७ जूनला एनईएफटीने ५९,००० रुपये आणि १२ ऑगस्टला धनादेशाने ४७,२०० रुपये. मुलगी २२ ऑगस्टपर्यंत वर्गाला गेली आणि त्यानंतर घरी परतली. २५ ऑगस्टला, सोमवारी, वडिलांनी क्लासच्या ईमेलवर प्रवेश रद्द करत असल्याचे कळवले.

क्लासच्या छापील धोरणानुसार नोंदणी शुल्क परत मिळत नाही. बॅच सुरू झाल्यापासून ३० दिवसांत प्रवेश रद्द केल्यास शिकवणी शुल्काच्या ६० टक्के रक्कम परत मिळते, ३१ ते ६० दिवसांत रद्द केल्यास ४० टक्के मिळते आणि त्यानंतर काहीच मिळत नाही.

आधी कागद गोळा करा

पहिला कागद म्हणजे परतावा धोरण, आणि तेही तुम्ही पैसे भरले त्या वेळी लागू असलेले. ते प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला, माहितीपुस्तिकेत, पावतीच्या तळाशी किंवा संकेतस्थळावर असू शकते. संकेतस्थळावरचा मजकूर बदलता येतो, त्यामुळे पान उघडल्याबरोबर त्याची पीडीएफ प्रत काढावी आणि त्या प्रतीवर पानाचा पत्ता व छपाईची तारीख दिसेल याची खात्री करावी. प्रवेश अर्जावर एक अट आणि संकेतस्थळावर दुसरीच अट असे आढळले, तर दोन्ही जपून ठेवावे. संस्थेने स्वतः जाहीर केलेली सवलत नंतर तिच्याच कारकुनाने नाकारली, तर ही विसंगती तुमच्या बाजूने बोलते. प्रवेश अर्जाची प्रत अनेकांकडे नसते. ती ईमेलने मागावी आणि मागणी केल्याची नोंद राहू द्यावी.

दुसरा कागद पावत्यांचा. इथे एक बारकावा आहे. पावतीवरची तारीख आणि पैसे खात्यातून गेल्याची तारीख नेहमी एकच नसते. काही ठिकाणी पावती आठवड्याने फाडली जाते, तर धनादेशाच्या बाबतीत तो दिल्याची तारीख वेगळी आणि वटल्याची वेगळी असते. म्हणून प्रत्येक रकमेसमोर पावती क्रमांक व पावतीची तारीख लिहावी आणि शेजारी बँकेच्या उताऱ्यातील तारीख व व्यवहार क्रमांक लिहावा. यूपीआयचा क्रमांक ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. पैसे काका, मामा किंवा आजोबांच्या खात्यातून गेले असतील तर तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर ‘ही रक्कम तुमची नाही’ असा मुद्दा पुढे निघू शकतो. रोख भरले आणि पावतीच दिली नाही, असेही घडते. सेवा देऊन पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे लक्षात ठेवून पावती लेखी मागावी.

प्रवेश रद्द केल्याची तारीख पक्की करा

सर्वाधिक पैसे याच पायरीवर बुडतात. आपल्या उदाहरणात वडिलांनी आधी फोन केला असता, तर समोरून उत्तर आले असते की कार्यालयात येऊन फॉर्म भरावा लागेल, आणि आता गणपती आहेत तर विसर्जन झाल्यावर या. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. म्हणजे सोमवारी ८ सप्टेंबरला फॉर्म भरला गेला असता. १ जुलै हा पहिला दिवस धरला तर २५ ऑगस्ट हा ५६ वा दिवस येतो, ६० वा दिवस २९ ऑगस्टला संपतो आणि ८ सप्टेंबर हा ७० वा दिवस ठरतो. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसले, तरी त्या एका वाक्याने ४० टक्क्यांचे शून्य झाले असते.

म्हणून निर्णय झाला त्याच दिवशी दोन-चार ओळींचा ईमेल पाठवावा. त्यात विद्यार्थ्याचे नाव, प्रवेश क्रमांक, बॅच आणि ‘आजपासून प्रवेश रद्द करत आहोत, परताव्याचा सविस्तर अर्ज स्वतंत्रपणे पाठवत आहोत’ एवढे पुरेसे आहे. रकमेचा हिशेब त्या दिवशी तयार नसला तरी चालेल. ईमेल प्रवेश अर्जावर किंवा पावतीवर छापलेल्या पत्त्यावरच पाठवावा. समुपदेशकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण एकट्या त्यावर विसंबू नये, कारण ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की संस्था तो निरोप मिळालाच नाही असे म्हणू शकते. विहित फॉर्म भरावाच लागत असेल तर तो भरावा, मात्र त्यावर ‘प्रवेश रद्द केल्याची लेखी सूचना २५ ऑगस्ट २०२५ रोजी ईमेलने दिलेली आहे’ असे आपल्या हाताने लिहून, शिक्का व सहीसह त्याची पोच घ्यावी.

दिवस कशापासून मोजायचे, हाही वादाचा विषय होतो. धोरणात ‘बॅच सुरू झाल्यापासून’ असे लिहिलेले असताना काही कार्यालये पहिल्या पावतीपासून मोजतात. आपल्या उदाहरणात ५ जूनपासून मोजले तर २५ ऑगस्ट हा ८२ वा दिवस होतो आणि परतावा शून्यावर येतो. त्यामुळे अर्जात कलमातील शब्द जसेच्या तसे उद्धृत करावेत, आपल्या भाषेत त्यांचा सारांश देऊ नये. बॅचची सुरुवात नेमकी कधी झाली याचा पुरावाही जोडावा, म्हणजे वेळापत्रक, पहिल्या तासाचा निरोप किंवा हजेरीचा संदेश. बॅच जाहीर तारखेनंतर सुरू झाली असेल तर हा पुरावा फारच मोलाचा ठरतो.

दोन हिशेब मांडा

पहिला हिशेब धोरणानुसार. नोंदणीचे १०,००० रुपये वगळता मूळ शिकवणी शुल्क ९०,००० रुपये भरले गेले. त्याचे ४० टक्के म्हणजे ३६,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ६,४८० रुपये मिळून ४२,४८० रुपये होतात. ही रक्कम संस्थेच्या स्वतःच्या नियमानुसार देय आहे, त्यामुळे ती अर्जात ‘निर्विवाद देय रक्कम’ म्हणून वेगळी दाखवावी.

जीएसटी सरकारजमा झाला, आता परत मिळणार नाही, असे बऱ्याच ठिकाणी सांगतात. जी सेवा दिलीच जाणार नाही तिच्यापुरती संस्था क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढू शकते आणि आपल्या पुढील कर विवरणपत्रात तेवढा कर कमी करून घेऊ शकते. त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतील जे आधी असेल तोवर, मुदत असते. २०२५-२६ मधील पावतीसाठी ऑगस्टमध्येच मुदत संपली, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा हिशेब उरलेल्या दिवसांचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांच्या नियमनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मधेच सोडला तर उरलेल्या कालावधीची फी त्या प्रमाणात १० दिवसांत परत करावी, आणि विद्यार्थी केंद्राच्या वसतिगृहात राहत असेल तर वसतिगृह व खानावळीचे शुल्कही परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या उदाहरणात २५ ऑगस्टपर्यंत ५६ दिवस गेले आणि २४४ दिवस उरले. नोंदणी शुल्क सोडून दिले तरी ९०,००० चे ३०० पैकी २४४ दिवसांचे ७३,२०० रुपये येतात आणि जीएसटीचे १३,१७६ धरून एकूण ८६,३७६ रुपये होतात.

इथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने राज्यांना पाठवलेली आहेत. त्यांची सक्ती राज्याच्या कायद्यावर वा नियमांवर अवलंबून राहते, आणि ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांचाच विचार त्यांत आहे. म्हणून अर्जात ‘कायद्याने तुम्हाला बंधनकारक आहे’ असे ठोकून देऊ नये. ‘या तत्त्वांतील निकषानुसार न्याय्य रक्कम इतकी होते’ असे लिहावे. अतिशयोक्त दावा केला की समोरचा वकील पहिल्यांदा त्याच वाक्याला धरतो आणि बाकीचा चांगला हिशेब बाजूला पडतो.

अर्ज कसा लिहावा

सविस्तर अर्ज एका पानात, फार तर दीड पानात बसावा. कारण एका वाक्यात आणि खरे लिहावे. वैयक्तिक कारण असेल तर तसेच म्हणावे, आजारपण रचू नये. सांगितलेले शिक्षक आलेच नाहीत किंवा ठरलेले तास झाले नाहीत, असे सेवेतील उणिवेचे कारण असेल तर तारखांसह वेगळ्या परिच्छेदात लिहावे, कारण त्याने दाव्याला स्वतंत्र आधार मिळतो. आपल्या उदाहरणातील पालकाचा अर्ज असा होईल :

> दिनांक : ३० ऑगस्ट २०२५
>
> प्रति, मा. केंद्र व्यवस्थापक, (संस्थेचे नाव व पावतीवरील पत्ता)
>
> विषय : प्रवेश रद्द केल्यामुळे शुल्क परताव्याची मागणी, प्रवेश क्र. ______
>
> महोदय,
>
> माझी मुलगी कु. ______ हिने १ जुलै २०२५ रोजी सुरू झालेल्या आपल्या नीट वार्षिक बॅचमध्ये प्रवेश घेतला होता. घरगुती कारणामुळे हा प्रवेश रद्द करत असल्याचे मी २५ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या अधिकृत ईमेलवर कळवले आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे.
>
> मी पुढीलप्रमाणे एकूण १,१८,००० रुपये भरले आहेत : ५ जून २०२५ रोजी यूपीआयने ११,८०० रुपये (पावती क्र. ___, व्यवहार क्र. ___), २७ जून २०२५ रोजी एनईएफटीने ५९,००० रुपये (पावती क्र. ___, व्यवहार क्र. ___) आणि १२ ऑगस्ट २०२५ च्या धनादेशाने ४७,२०० रुपये (पावती क्र. ___, धनादेश क्र. ___, वटल्याची तारीख ___).
>
> आपल्या परतावा धोरणातील कलम ___ असे आहे : ‘____________’. माझी सूचना बॅच सुरू झाल्यापासून ५६ व्या दिवशी दिलेली असल्याने ती ३१ ते ६० दिवसांच्या टप्प्यात येते. त्यानुसार ९०,००० रुपये शिकवणी शुल्काचे ४० टक्के म्हणजे ३६,००० रुपये व त्यावरील जीएसटी ६,४८० रुपये, अशी ४२,४८० रुपयांची रक्कम निर्विवाद देय आहे.
>
> तसेच शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील उर्वरित कालावधीच्या निकषानुसार ३०० पैकी २४४ दिवसांची रक्कम जीएसटीसह ८६,३७६ रुपये होते. तरी ही रक्कम १० दिवसांत, ज्या खात्यातून शुल्क भरले त्याच खात्यात जमा करावी. कोणतीही कपात करावयाची असल्यास तिचे कारण व आधारभूत कलम लेखी कळवावे. निर्विवाद रक्कम स्वीकारताना उर्वरित रकमेवरील माझा हक्क मी राखून ठेवत आहे.
>
> आपला विश्वासू, (पालकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, सही)

या अर्जाचा कणा ‘कपातीचे कारण व कलम लेखी कळवावे’ या वाक्यात आहे. तोंडी नकार देणे फार सोपे असते. कलम दाखवून लिहून द्यायचे म्हटले की संस्थेला स्वतःचे धोरण उघडून वाचावे लागते.

अर्ज ईमेलने पाठवून शिवाय स्पीड पोस्टनेही पाठवावा आणि पोचवल्याचा तपशील टपाल खात्याच्या संकेतस्थळावरून लगेच छापून ठेवावा. क्लासकडे मुख्य कार्यालय वेगळ्या शहरात असेल तर तिथेही एक प्रत जाऊ द्यावी, कारण शाखा व्यवस्थापक हमखास ‘निर्णय वरून होतो’ असे सांगतो. टॅबलेट, ओळखपत्र यांसारख्या परत करायच्या वस्तू असतील तर त्या यादी करून द्याव्यात आणि पोच घ्यावी.

उत्तर आल्यावर

संस्था पैसे देण्याऐवजी पुढच्या वर्षाची बॅच, भावंडासाठी सवलत किंवा तेवढ्या रकमेचे व्हाउचर देऊ करते. ते हवे असेल तर जरूर घ्यावे, नको असेल तर ‘परतावा त्याच खात्यात पैशांच्याच स्वरूपात अपेक्षित आहे’ असे त्याच दिवशी लेखी कळवावे. गप्प राहिल्यास पुढे संमती होती असे म्हटले जाते. दुसरा धोका ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांचा. ४२,४८० रुपये देताना अशा मजकुरावर सही मागितली, तर उरलेल्या ४३,८९६ रुपयांचा दावा तिथेच जवळजवळ संपतो. सही करायची की भांडत राहायचे हा निर्णय घरच्या परिस्थितीनुसार घ्यावा. माझ्या मते हातात येणारी निर्विवाद रक्कम ‘हक्क राखून’ असे लिहून घेणे बरे, आणि संस्था तेही मान्य करत नसेल तर सही करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

फी कर्जाने भरली असेल तर सावध राहावे. अनेक क्लास ‘सोपे हप्ते’ म्हणून जे देतात ते प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि क्लासला पूर्ण रक्कम आधीच मिळालेली असते. अशा वेळी रागाने हप्ते थांबवले तर पालकाच्या पतनोंदीवर परिणाम होतो. अर्जाची प्रत वित्तसंस्थेलाही पाठवावी, कर्ज रद्द करण्याची मागणी करावी आणि तोडगा निघेपर्यंत हप्ता चालू ठेवावा. पुढच्या तारखेचे धनादेश दिले असतील तर त्यांचे क्रमांक लिहून ते परत मागावेत.

दहा दिवसांनंतर

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिचा क्रमांक १९१५ आहे आणि consumerhelpline.gov.in येथेही नोंद करता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, ती तक्रार संस्थेकडे पाठवून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते. अनेक प्रकरणे याच टप्प्यावर मिटतात, विशेषतः तक्रारीसोबत तारखांचा तक्ता आणि धोरणाची प्रत जोडलेली असेल तेव्हा.

तिथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. शिक्षणसंस्थांविरुद्ध ग्राहक तक्रार चालत नाही, असे उत्तर क्लासकडून येऊ शकते. मनू सोळंकी विरुद्ध विनायक मिशन विद्यापीठ या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २० जानेवारी २०२० रोजी नियमित शिक्षणसंस्थांना कायद्याबाहेर ठेवले, पण कोचिंग केंद्रे त्यांच्यासारखी नाहीत आणि ती ग्राहक आयोगाच्या कक्षेत येतात, हेही त्याच निर्णयात सांगितले. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे क्लास पुण्यात असला तरी आपल्या उदाहरणातील वडील साताऱ्याच्या आयोगात जाऊ शकतात. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि e-jagriti.gov.in वरून तक्रार दाखल करता येते. मुदत दाव्याचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. नुसत्या स्मरणपत्रांनी ती वाढते असे समजू नये.

तक्रारीत नवे काही लिहावे लागत नाही. ३० ऑगस्टच्या अर्जातील तारखा, कलम आणि दोन्ही हिशेब तिथे जसेच्या तसे येतात आणि त्याखाली संस्थेचा नकार किंवा तिचे मौन तारखेसह जोडले जाते. दावा कशासाठी, हे मात्र वेगवेगळे लिहावे : परताव्याची मूळ रक्कम, तिच्यावरील व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. पैसे जमा झाले की रक्कम हिशेबाशी ताडून पाहावी, जीएसटीची क्रेडिट नोट मागून घ्यावी, आणि त्यानंतरच तक्रार मागे घेण्याच्या कागदावर सही करावी.